बडोदा स्टेशनवर घोषणा अर्धवट ऐकू आली, तर फलाट आणि वेळ कशी पक्की करायची

पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे परत निघतात, आपण त्यांना सोडायला स्टेशनवर जातो, आणि नेमका आपल्या गाडीचा फलाट सांगताना शेजारून मालगाडी धडधडत जाते. मग कुणी म्हणतं चार, कुणी म्हणतं सात, आणि सगळे बॅगा उचलून जास्त ठाम बोलणाऱ्याच्या मागे चालू लागतात. चूक बहुतेक वेळा इथेच होते. ऐकण्यात फार नाही, जे ऐकू आलं त्याचा अर्थ लावण्यात आणि ते पडताळण्याच्या क्रमात होते.

पुढचं सगळं बडोदा जंक्शनसाठी लिहिलं आहे. इथे घोषणा गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होतात, आणि तीच आपल्या फायद्याची गोष्ट आहे.

## १. घरून निघण्याआधी: एक चिठ्ठी

कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये या गोष्टी लिहून ठेवा: गाडीचा पाच आकडी नंबर, नाव, कुठून कुठे जाते, बडोद्याची वेळ चोवीस तासांच्या घड्याळात, आणि डबा. तिकीट आहेच की, असं वाटेल. पण गडबडीत तिकिटाच्या पीडीएफवर वेळ शोधताना लोक मुंबईला पोचायची वेळ वाचतात. चिठ्ठीवर फक्त बडोद्याची वेळ असावी.

नंबर पाठ असणं सगळ्यात महत्त्वाचं. येणारी आणि जाणारी गाडी एकाच नावाची असते आणि सहसा शेवटचा आकडाच बदलतो. 12933 कर्णावती मुंबईहून अहमदाबादकडे जाते, 12934 अहमदाबादहून मुंबईकडे. शताब्दीच्या 12009 आणि 12010 मध्ये शेवटचे दोन आकडे बदलतात. नुसतं 'कर्णावती' ऐकून उठणाऱ्याला अर्धीच माहिती मिळालेली असते.

चिठ्ठीवर आणखी एक नाव लिहा, बडोद्याच्या आधीच्या मोठ्या स्टेशनाचं. अहमदाबादकडून येणाऱ्या गाडीसाठी आणंद, रतलामकडून येणारीसाठी गोधरा, मुंबईकडून येणारीसाठी भरूच. त्याचा उपयोग चौथ्या टप्प्यात होईल.

तपासा: तिकिटावर स्टेशनचा कोड `BRC` आहे ना? अहमदाबाद आणि रतलाम यांच्यामध्ये धावणाऱ्या काही गाड्या बडोदा जंक्शनवर न येता छायापुरीवरून जातात, कारण मुख्य स्टेशनवर त्यांना इंजिन उलट्या बाजूला लावावं लागायचं. छायापुरीचा कोड `CYI`. तिकिटावर तो असेल, तर सयाजीगंजला उभं राहून कितीही कान दिलेत तरी तुमच्या गाडीची घोषणा होणार नाही.

## २. उभं कुठे राहायचं

फलाटावर कर्णे ठरावीक अंतराने लावलेले असतात आणि सगळे एकाच वेळी बोलतात. आवाजाला शंभर मीटर यायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो. म्हणजे जवळच्या कर्ण्यातून 'चार' ऐकू येतो न येतो तोच लांबच्या कर्ण्यातून आधीचा 'क्रमांक' येऊन त्यावर पडतो. दोन कर्ण्यांच्या बरोबर मध्ये उभं राहिलात तर हा काला सगळ्यात वाईट होतो. एका कर्ण्याच्या जवळ, थोडं बाजूला उभे राहा, म्हणजे तोच आवाज वरचढ राहील. समोर इंजिन उभं असेल तर त्याच्या पंख्यांच्या घरघरीपासून दोन-तीन डबे लांब सरका.

घोषणेआधीची घंटी वाजली की तीन गोष्टी लगेच करा: चालणं थांबवा, बोलणं थांबवा, फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू करा. रेकॉर्डर आधीच स्क्रीनवर काढून ठेवावा, नाहीतर तो शोधेपर्यंत गुजराती संपलेली असते. नंतर इअरफोन लावून हवं तितक्या वेळा ऐकता येतं. घरातली मोठी माणसं याला हसतात. हसू द्या.

## ३. ऐकू आलेले तुकडे जुळवणं

घोषणा आधीच रेकॉर्ड केलेले तुकडे जोडून बनते आणि तिचा साचा फारसा बदलत नाही: गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा उच्चारून, मग कुठून कुठे, मग नाव, मग फलाट किंवा वेळ. म्हणून कोणता भाग गेला हे आधी ठरवा. नाव आणि शेवटचं वाक्य ऐकू आलं असेल तर नंबर गेला. नंबर आणि नाव ऐकू आलं आणि पुढे नुसता गोंगाट, तर फलाट गेला. 'काहीच कळलं नाही' असं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा एकच तुकडा हरवलेला असतो.

### आकडा गेला असेल तर

गोंगाटात व्यंजनं आधी बुडतात, स्वर टिकतो. त्यामुळे एकाच स्वराचे आकडे एकमेकांत मिसळतात. गुजरातीत चार, पांच, सात, आठ हे सगळे 'आ'चे. हिंदीतही तेच. गुजराती 'एक' आणि 'बे' दोन्ही 'ए'चे. पण इंग्रजीत वन आणि टू, किंवा फोर, सेव्हन आणि एट यांचा गोंधळ होणं कठीण. उलट इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन एकसारखे वाटतात, तर हिंदीत पाँच आणि नौ अगदी वेगळे.

म्हणून एका भाषेत ऐकलेल्या आकड्यावर कधीच उठू नका. गुजरातीत 'आ' ऐकू आला, तर मनात 'चार, पाच किंवा सात' एवढंच धरा (बडोद्याला फलाट सात आहेत, तेव्हा आठचा प्रश्न नाही) आणि इंग्रजीत फोर, फाइव्ह की सेव्हन तेवढं ऐका. तीन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर कान खूप चांगलं काम करतो.

### वेळ गेली असेल तर

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो उशीर आणि घड्याळाची वेळ यांत. 'एक… वीस' एवढंच ऐकू आलं. गाडी एक वाजून वीस मिनिटांनी येणार, की एक तास वीस मिनिटं उशिरा? इथे आकड्याऐवजी त्याला चिकटलेला शब्द पकडा. हिंदीत 'घंटा' किंवा गुजरातीत 'कलाक' असेल, तर तो उशीर. हिंदीत 'बजे', 'बजकर' किंवा गुजरातीत 'वाग्ये' असेल, तर घड्याळाची वेळ. गुजरातीत 'मोडी' ऐकू आलं तर गाडी उशिरा आहे. नागपूर-कोल्हापूरच्या पाहुण्यांना 'कलाक' आणि 'वाग्ये' हे दोन शब्द घरीच सांगून ठेवा.

मिनिटांचंही भाषेनुसार ठरतं. हिंदीतले पैंतीस आणि पैंतालीस मराठी कानाला फसवतात, इंग्रजीत थर्टी फाइव्ह आणि फॉर्टी फाइव्ह त्यापेक्षा स्पष्ट. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी फसवतात, हिंदीतले पंद्रह आणि पचास नाही.

तपासा: चिठ्ठीवरची वेळ आणि ऐकलेला उशीर यांची बेरीज करा. बेरीज नुकतीच उलटून गेलेली वेळ देत असेल, तर ऐकण्यात काहीतरी चुकलं आहे.

### शेवटी 'खेद' ऐकू आला तर

गाडी वेळेवर येत असेल तर कोणी खेद व्यक्त करत नाही. गाडी उशिरा असेल, रद्द असेल किंवा फलाट बदलला असेल, तरच घोषणेच्या शेवटी 'असुविधा के लिए खेद' येतं. हा शब्द हिंदी-गुजराती दोन्हींत तोच आहे आणि वाक्याच्या शेवटाकडे असल्याने मालगाडी निघून गेल्यावरही सापडतो. तुमच्या गाडीच्या नावाबरोबर खेद ऐकू आला, की आधीची सगळी माहिती शिळी समजा.

सावधान: फलाट बदलल्याच्या घोषणेत दोन आकडे असतात, आणि त्यांचा क्रम भाषेप्रमाणे उलटतो. हिंदीत 'प्लेटफॉर्म क्रमांक दो के स्थान पर चार', म्हणजे जुना आधी, नवा नंतर. गुजरातीतही 'ने बदले' म्हणताना जुनाच आधी. इंग्रजीत मात्र 'फोर इन्स्टेड ऑफ टू' असं येतं, म्हणजे नवा आधी. अर्धवट ऐकून लोक हिंदीतला पहिला आकडा पकडतात आणि गाडीने सोडलेल्या फलाटावर जाऊन उभे राहतात. दोन आकडे ऐकू आले तर कोणत्या भाषेत, कितवा, हे लक्षात ठेवल्याशिवाय हलू नका.

## ४. पडताळणी, आणि तीही याच क्रमाने

आतापर्यंत हातात फक्त अंदाज आहे. तो पक्का करायचे मार्ग पुष्कळ असतात, पण लोक ते उलट्या क्रमाने वापरतात: आधी शेजाऱ्याला विचारतात, मग फोन बघतात, आणि डोक्यावरच्या पाटीकडे शेवटी लक्ष जातं.

पहिलं, इंडिकेटर. प्रवेशाजवळच्या मोठ्या पाटीवर गाडीचा नंबर, वेळ आणि फलाट असतो. नावावरून नको, नंबरावरून वाचा. पाटी भाषा बदलत फिरते. तुमची ओळ पूर्ण एकदा फिरून येईपर्यंत थांबा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे फलाटावर वर टांगलेल्या डब्यांच्या छोट्या पाट्या. त्यांवर गाडीचा नंबर आणि डब्याचा कोड आलटून पालटून येतात. तिथे तुमचा नंबर उमटला, म्हणजे त्या फलाटासाठी गाडी लावली गेली आहे. पाट्या कोऱ्या असतील तर 'अजून लावलेली नाही' एवढाच अर्थ घ्या. 'इथे येणार नाही' असा नको.

दुसरं, फोन. रेल्वेच्या गाड्यांची माहिती देणाऱ्या `NTES` अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून ती आत्ता कुठे आहे ते पाहा. इथे चिठ्ठीवरचं आधीचं स्टेशन कामाला येतं. आणंद ते बडोदा साधारण ३५ किलोमीटर. 12934 अजून आणंदहून सुटलेलीच नसेल, तर तुमच्यासमोर येऊन थांबलेली गाडी ती नव्हेच, आणि धावाधाव करायचीही गरज नाही. गोधरा आणि भरूच दोन्ही त्याच्या साधारण दुप्पट लांब आहेत, तिथून आणखी वेळ मिळतो. त्याच ठिकाणी 'Live Station' मध्ये `BRC` टाकलं तर पुढच्या काही तासांतल्या सगळ्या गाड्या एकत्र दिसतात. अर्धवट ऐकलेल्या नंबरासारखी दुसरी कोणती गाडी त्याच वेळेला आहे का, हे तिथे चटकन कळतं.

दोन सूचना. लांबून येणाऱ्या गाडीसाठी तारीख निवडताना ती मूळ स्टेशनहून सुटली तो दिवस निवडायचा असतो, तुम्ही बडोद्याला चढता तो नव्हे. रात्री दिल्लीहून निघालेली गाडी सकाळी इथे येते. तिथे आजची तारीख टाकली तर 'अजून सुटलेली नाही' असं दिसतं आणि लोकांच्या पोटात गोळा येतो. दुसरं, फोनवर दिसणारा फलाट बदलू शकतो. काही खासगी अ‍ॅप्समधला तर गाडी रोज कुठे येते यावरून मांडलेला अंदाज असतो. गाडीच्या जागेसाठी फोन वापरा, फलाटासाठी स्टेशनवरच्या पाटीवर जास्त विश्वास ठेवा. इंटरनेट चालत नसेल तर १३९ ला फोन करा.

तिसरं, माणूस. चौकशी खिडकी, उपस्टेशन अधीक्षकांचं कार्यालय, टीसी, आणि हमाल. हमालांना मी फार वरचा क्रमांक देतो. फलाट चुकला तर त्यांची मजुरी बुडते, त्यामुळे बदलाची खबर त्यांना लवकर लागते.

विचारायची पद्धत मात्र बदला. 'कर्णावती चारवरच ना?' असं विचारलं तर घाईतला माणूस 'हा हा' म्हणून मोकळा होतो. फलाट तुम्ही सांगू नका, त्याच्याकडून काढा: 'भाई, बार नव चोत्रीस, मुंबईवाळी कर्णावती, कया प्लेटफॉर्म पर आवशे?' बडोद्यातल्या मराठी माणसाला हे वाक्य काही जड नाही. मग पाहुण्यांनाच का पुढे ढकलतो, कोण जाणे. शेजारच्या प्रवाशाचं मत मोजू नका, त्याने तीच अर्धवट घोषणा ऐकलेली असते. तिघांनी तेच सांगितलं तरी साक्ष एकच.

तपासा: दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे जुळले पाहिजेत. पाटी आणि हमाल, किंवा पाटी आणि दुसऱ्या भाषेतली घोषणा. एकाच प्रकारचे दोन चालणार नाहीत.

## ५. एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा मावशींना 12934 कर्णावतीने मुंबईला जायचं आहे. तिकिटावर बडोद्याची वेळ सकाळी ६:४० आहे, आणि आधी मोठ्या पाटीवर फलाट दोन दिसला होता. मंडळी दोनवर बसली आहेत. ६:२० ला घंटी वाजते.

गुजरातीत 'त्रण चार', 'कर्णावती' आणि पुढे एक 'आ' ऐकू येतो. हिंदी सुरू होताना मालगाडी येते. त्यातून फक्त 'दो… के स्थान पर' एवढं सुटतं. इंग्रजीत 'फो… इन्स्टेड' आणि शेवटी अस्पष्ट 'रिग्रेटेड'.

आता जुळवा. 'के स्थान पर' आणि 'रिग्रेटेड', म्हणजे फलाट बदलला. हिंदीत आधी आलेला दो हा जुना, तो आपल्या पाटीशी जुळतो, छान. नवा आकडा गुजरातीत 'आ'चा, म्हणजे चार, पाच किंवा सात. इंग्रजीत 'इन्स्टेड'च्या आधी आलेला तोच नवा, आणि तो 'फो'. फाइव्ह असता तर 'फा' ऐकू आला असता. अंदाज चार.

तेवढ्यावर मावशींना जिन्याकडे नेऊ नका. एकाने सामानापाशी थांबावं, एकाने पादचारी पुलावर जाऊन चारच्या डब्यांच्या पाट्या पाहाव्यात आणि वाटेत हमालाला उघडा प्रश्न विचारावा. दरम्यान तिसऱ्याने `NTES` वर पाहिलं, गाडी आणंद सोडून दहा मिनिटं झाली आहेत. म्हणजे अजून पंधरा-वीस मिनिटं हाताशी आहेत, लिफ्ट किंवा उताराने सावकाश जाता येईल. चारवरच्या पाट्यांवर 12934 उमटलं की मग सगळे हला. पाट्या कोऱ्या आणि हमाल म्हणतो चार, तरी हला: घोषणा आणि हमाल हे दोन वेगळे पुरावे झाले. हमाल पाच म्हणाला तर? पुलावरच, चार आणि पाचच्या जिन्यांच्या तोंडाशी थांबा. तिथून दोन्हीकडे उतरता येतं, फलाटावर उतरून बसलात तर एकीकडून परत चढावं लागतं.

सावधान: वेळ कमी आहे म्हणून रूळ ओलांडू नका. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि मधल्या रुळावरून न थांबणारी गाडी कधी येईल याची घोषणा तर आपण ऐकलेलीच नाही.

## ६. उशीर ऐकला म्हणून लांब जाऊ नका

'एक तास वीस मिनिटं उशिरा' हा त्या क्षणाचा हिशेब असतो. गाडी वाटेत वेळ भरून काढते आणि तासाचा उशीर चाळीस मिनिटांवर येतो. मंडळी रावपुऱ्यात नाश्ता करून परततात तेव्हा गाडी निघून गेलेली असते. स्टेशनच्या हद्दीतच थांबा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडीची जागा पाहा. उशीर झालेल्या गाडीचा फलाटही बदलायची शक्यता जास्त, कारण तिच्या जागी दुसरी वेळेवरची गाडी घेतली जाते. त्यामुळे उशीर समजल्यावर फलाटाची पडताळणी नव्याने, पहिल्या पायरीपासून करायची.

## ७. गाडी समोर आल्यावर

दारापाशी शेवटची खात्री करा. डब्यावरच्या पाटीत फसण्यासारखं एक आहे: पुष्कळ गाड्यांचे तेच डबे जाता-येता वापरतात, म्हणून पाटीवर दोन्ही नंबर आणि दोन्ही टोकांची नावं असतात. ती पाटी गाडीचं नाव सांगते, दिशा सांगत नाही. इंजिन कुठल्या टोकाला आहे यावरूनही बडोद्याला दिशा ठरवू नका, काही गाड्यांचं इंजिन इथे टोक बदलतं. फलाटावरच्या डब्यांच्या पाटीवरचा नंबर पाहा, आणि दारातल्या टीसीला किंवा आत आधीच बसलेल्या माणसाला विचारा, 'ही कुठे चालली?' सुरत, मुंबई असं उत्तर आलं तर चढा.

गाडी आपलीच आहे हे पक्कं झालं पण डबा लांब राहिला, तर सामान घेऊन फलाटावरून पळू नका. जवळच्या आरक्षित डब्यात चढा आणि आतून चालत जा. अनारक्षित डब्यात चढू नका, तिथून आत जायला बहुधा वाट नसते. आणि सोडायला आलेल्यांनी बॅग ठेवायला आत शिरायचं असेल तर सुटण्याची वेळ आधी पाहावी, नाहीतर पुढचा थांबा भरूच, खिशात फक्त प्लॅटफॉर्म तिकीट.